दहाव्या प्रश्नाचे उत्तर

जिल्हा प्रशासनात असताना माता मृत्यू अन्वेषण समितीच्या बैठकांचे अध्यक्षपद माझ्याकडे असे. अशाच एका बैठकीत आरोग्य विभागाच्या अधिकाऱ्यांनी यादीतील एक नाव लाल शाईने खोडले. बाळंतपणानंतर सत्त्याण्णवाव्या दिवशी त्या मातेने आपले जीवन संपवले होते. ‘४२ दिवसांच्या मुदतीबाहेरचे प्रकरण आहे, साहेब. शिवाय कारण प्रसूतीशी निगडित नाही,’ असे मला सांगण्यात आले. नियमावली समोर होती आणि ती तेच सांगत होती. मी सही केली आणि आम्ही पुढच्या नावाकडे वळलो. सेवानिवृत्तीनंतर आता आठवतात त्या मोजक्या सह्यांमध्ये ती एक आहे.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला दप्तरांचा एक गुण ठाऊक आहे. दप्तरात ज्या गोष्टीसाठी रकाना नसतो, ती गोष्ट प्रशासनाच्या लेखी घडतच नाही. गर्भारपणात किंवा प्रसूतीनंतर ४२ दिवसांच्या आत झालेली आत्महत्या हा थेट मातामृत्यू मानावा, असे मार्गदर्शन जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्येच केले आहे. पण बाळंतपणानंतरचे नैराश्य ४२ दिवसांचे पंचांग पाहून येत नाही. ब्रिटनमध्ये मातांच्या मृत्यूंची गोपनीय चौकशी प्रसूतीनंतर वर्षभरापर्यंत केली जाते. सहा आठवडे ते एक वर्ष या काळातील थेट मातामृत्यूंचे प्रमुख कारण आत्महत्या आहे, हे तेथे त्यामुळेच समजू शकले. आपल्याकडे अपघाती मृत्यूची नोंद पोलीस ठाण्यात राहते आणि बाळंतपणाची नोंद दवाखान्यात. या दोन नोंदींची गाठ क्वचितच पडते.

या प्रश्नाचा विचार बेंगळुरूच्या संदर्भात करण्याला कारण आहे. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात या शहराइतकी साधने देशात अन्यत्र क्वचितच असतील. म्हैसूर संस्थानाच्या काळातील मनोरुग्णालय आणि १९५४ मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था यांच्या १९७४ मधील विलीनीकरणातून ‘निम्हान्स’ उभी राहिली. तेथे २००९ मध्ये आजारी मातेला तिच्या बाळासह दाखल करून घेणारा कक्ष सुरू झाला. आपल्या देशातील अशा प्रकारचा तो पहिला कक्ष होता. ‘टेली-मानस’ ही १४४१६ या क्रमांकाची राष्ट्रीय दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, तिचे शिखर केंद्रही निम्हान्समध्येच आहे. असे असूनही महापालिकेच्या एखाद्या दवाखान्यात लस टोचून घेण्यासाठी बाळ घेऊन आलेली माता आणि हा कक्ष यांच्यातील अंतर किलोमीटरमध्ये मोजून चालत नाही. दवाखाना महापालिकेचा, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्याची आणि निम्हान्स केंद्राची. या तीन सत्तांच्या सीमा ओलांडून एका स्त्रीला त्याच दिवशी सुखरूप पोहोचवायचे, हा खरा प्रश्न आहे. तपासणीचा कागद ही त्यातली सर्वांत सोपी बाब.

कागद काय सांगतो

हा कागद म्हणजे एडिंबरा प्रसूतिपश्चात नैराश्य मापनश्रेणी. कॉक्स, होल्डन आणि सागोव्हस्की यांनी ती १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. तीत मागील सात दिवसांविषयी दहा साधे प्रश्न असतात. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, म्हणजे एकूण गुण जास्तीत जास्त ३०. झोप, भूक किंवा थकवा यांच्यावर तिचा भर नाही, कारण तान्ह्या बाळाच्या आईला थकवा यायचाच. हसू येते का, पुढच्या दिवसांची ओढ वाटते का, विनाकारण स्वतःला दोष द्यावासा वाटतो का, असे तिचे प्रश्न आहेत. ती कन्नड आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहे. सामान्यतः १३ किंवा अधिक गुण मिळाल्यास पुढील तपासणी करावी, असा संकेत आहे. भाषा आणि समाज बदलला की ही सीमारेषा थोडी खालीवर होते. गोव्यातील कोकणी भाषक मातांसाठी ती १२ च्या आसपास आढळली होती.

प्रमाणाविषयी फार आकडे देण्याची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २०१७ मध्ये भारतातील ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात प्रसूतीनंतरच्या नैराश्याचे प्रमाण २२ टक्के आढळले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गोव्यातील अभ्यासातही सहा ते आठ आठवड्यांच्या टप्प्यावर ते २३ टक्के होते. घरातील मारहाण, दारिद्र्य आणि मुलाच्या अपेक्षेत झालेली मुलगी यांची सावली त्या आकड्यांवर स्पष्ट पडली होती.

माझ्या विषयाचा गाभा मात्र दहाव्या प्रश्नात आहे. स्वतःला इजा करून घेण्याचा विचार मनात आला का, हा तो प्रश्न. उत्तरे चार: बऱ्याचदा, कधी कधी, क्वचित, कधीच नाही. येथे दोन सापळे आहेत आणि चांगले हेतू असलेली यंत्रणाही त्यांत अडकते.

पहिला सापळा बेरजेचा. परिचारिका दहा उत्तरांची बेरीज करते, ती नऊ येते, तेराच्या आत आहे म्हणून कागद फाइलमध्ये जातो. त्या नऊ गुणांपैकी दोन गुण दहाव्या प्रश्नाचे आहेत, म्हणजे त्या मातेने ‘कधी कधी’ या उत्तरावर खूण केली आहे, हे कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून पहिला नियम असा हवा की कागद हाती येताच दहावे उत्तर आधी वाचायचे, बेरीज नंतर. ‘कधीच नाही’ याखेरीज कोणतेही उत्तर आले, तर एकूण गुण कितीही असोत, त्या मातेशी त्याच दिवशी समोरासमोर बोलणे झालेच पाहिजे.

दुसरा सापळा वेळ वाचवण्याच्या मोहातून निर्माण होतो. गर्दीच्या दवाखान्यात दहा प्रश्न विचारणे जड जाते, म्हणून आधी दोनच प्रश्नांची छोटी चाचणी घ्यावी आणि तीत संशय आला तरच मोठी प्रश्नावली द्यावी, असा तोडगा निघतो. वरकरणी तो शहाणपणाचा वाटतो. पण नैराश्याविषयीच्या त्या दोन प्रश्नांमध्ये आत्महत्येचा उल्लेखच नसतो. जी माता उदास वाटत नाही असे सांगून पुढे जाते, तिला तो प्रश्न कधीच विचारला जात नाही. छोटी चाचणी वापरायचीच असेल, तर स्वतःला इजा करण्याविषयीचा प्रश्न तिच्यासोबत सर्वांना विचारावा. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही भीती अभ्यासांनी निराधार ठरवली आहे. कोणीतरी विचारले याचे बहुतेक स्त्रियांना हायसेच वाटते.

एक नमुना प्रकरण

हे प्रकरण कोणा एकीचे नाही. नियम तपासून पाहण्यासाठी मी ते रचले आहे. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातून आलेले एक मराठी कुटुंब बेंगळुरूत पीण्या औद्योगिक वसाहतीजवळ राहते. पती कारखान्यात पाळीने कामाला जातो. २६ वर्षांची माता दुसऱ्या मुलीला घेऊन दहाव्या आठवड्याच्या लसीसाठी दवाखान्यात आली आहे. सासूबाई सोबत आहेत.

लसीकरणाचा दिवस निवडण्यात शहाणपण आहे. प्रसूतीनंतर स्वतःच्या तपासणीसाठी दवाखान्यात परतणाऱ्या माता कमी. बाळाच्या सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या लसींसाठी मात्र त्या येतात. आशा कार्यकर्तीच्या नवजात बाळासाठीच्या गृहभेटी बेचाळिसाव्या दिवशी संपतात आणि नैराश्य अनेकदा त्यानंतरच ठळक होते. म्हणून मातेसाठी दार उघडायचे ते बाळाच्या निमित्तानेच.

परिचारिका कन्नड बोलते, मातेला ते जेमतेम समजते. दुभाषाचे काम सासूबाईंवर सोपवणे ही येथील सर्वांत स्वाभाविक आणि सर्वांत घातक चूक ठरली असती. सुनेने सासूच्या तोंडून दहाव्या प्रश्नाचे खरे उत्तर देणे शक्यच नाही. परिचारिका मराठी प्रश्नावली देते. लसीनंतर बाळावर अर्धा तास लक्ष ठेवायचे असते. त्या वेळात सासूबाई बाळाला घेऊन आशाताईंजवळ बसतात आणि ‘तुमचा रक्तदाब बघू या’ म्हणून मातेला आतल्या खोलीत नेले जाते. एकूण गुण नऊ. दहावे उत्तर, कधी कधी.

आता पुढील दहा मिनिटांत काय विचारायचे, हे आधीच छापलेले असले पाहिजे. झोपेतून जागच येऊ नये असे वाटते, की जीव संपवावा असे वाटते? कसे करायचे याचा विचार झाला आहे का? त्यासाठी लागणारे काही घरात हाताशी आहे का? यापूर्वी कधी प्रयत्न केला होता का? बाळाविषयी काही भयंकर विचार येतात का? कानात आवाज येतात का, कोणी आपल्या वाईटावर आहे असे ठाम वाटते का, झोप न घेताही अंगात विलक्षण उत्साह आहे का? शेवटचे प्रश्न प्रसूतीनंतरच्या तीव्र मनोविकारासाठी आहेत. हजारात एक-दोन मातांना तो होतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत सुरू होतो आणि तासातासाला रूप बदलतो. त्यात थांबून पाहण्याला जागा नाही.

नैराश्यातील कित्येक मातांना आपल्या हातून बाळाला काही होईल असे नकोसे विचार छळतात. त्या विचारांनी माता स्वतःच हादरते आणि बाळाजवळ जाण्याचेही टाळते. असा विचार आणि ‘बाळात वाईट शक्ती आहे’ अशी ठाम समजूत या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या प्रकारात घाबरून बाळाला आईपासून तोडले, तर आजारात भरच पडते. हा फरक डॉक्टरने करायचा, परिचारिकेने फक्त ऐकलेले शब्द जसेच्या तसे टिपायचे.

आपल्या मातेचे उत्तर असे: ‘ताई, सकाळी जागच येऊ नये असं वाटतं. मागच्या आठवड्यात दोनदा वाटलं, आपणच संपावं.’ कसे, याचा विचार केलेला नाही. पूर्वी प्रयत्न नाही. बाळाला पाजते, पण दुसरी मुलगी झाल्यापासून घरात कोणी तिच्याशी धड बोलत नाही.

तीन पायऱ्या आणि एक घड्याळ

माझ्या मते दवाखान्याच्या भिंतीवर तीनच पायऱ्या लावलेल्या असाव्यात. जास्त पायऱ्या केल्या की माणसे मध्येच अडखळतात.

सर्वांत वरची पायरी: आत्महत्येचा बेत किंवा निश्चय, नुकताच केलेला प्रयत्न किंवा तीव्र मनोविकाराची चिन्हे. अशा मातेला क्षणभरही एकटे सोडायचे नाही. वैद्यकीय अधिकारी तातडीने येतात, रुग्णवाहिका बोलावली जाते, पोहोचण्यापूर्वीच तेथील आपत्कालीन विभागाला दूरध्वनी होतो. रुग्णवाहिकेत दवाखान्याचा एक कर्मचारी बसतो आणि बाळही सोबत जाते. मातेच्या हाती चिठ्ठी देऊन ‘निम्हान्सला जा’ म्हणणे याला संदर्भसेवा म्हणत नाहीत. शहराच्या दुसऱ्या टोकाला होसूर रस्त्यावर ती पोहोचली, हे तिकडून कळेपर्यंत दवाखान्याची जबाबदारी संपत नाही.

मधली पायरी: विचार आहेत, पण बेत नाही. आपली माता येथे बसते. तिला डॉक्टरने त्याच दिवशी, घरी जाण्यापूर्वी तपासायचे. टेली-मानसला दूरध्वनी तिला क्रमांक देऊन नव्हे, तर दवाखान्यातूनच लावून द्यायचा. या सेवेत तिला मराठीत बोलता येईल. तिला विश्वासाचे वाटणारे माणूस कोण, हे तिलाच विचारायचे. ती पतीचे नाव घेते. तिच्या संमतीने त्याला बोलावून घेतले जाते. घरातील धोक्याच्या वस्तू दूर करणे, पुढील काही दिवस तिला एकटे न ठेवणे, रात्री एका वेळचे बाळाचे काम दुसऱ्याने पाहून तिला सलग झोप मिळवून देणे, हे त्याच्यासोबत ठरते आणि कागदावर लिहिले जाते. दुसऱ्या दिवशी दूरध्वनी, तीन दिवसांत गृहभेट, आठवड्याच्या आत मनोविकारतज्ज्ञ. औषध द्यावे लागले, तर स्तनपान सुरू ठेवून घेता येतील अशी औषधे आहेत; अंगावरचे दूध तोडण्याचा सल्ला परस्पर कोणी देऊ नये.

खालची पायरी: विचार क्वचित आला, आता नाही, किंवा प्रश्न समजण्यात चूक झाली. तरीही बोलणे त्याच दिवशी आणि फेरतपासणी दोन आठवड्यांत.

या तिन्ही पायऱ्यांना दोन नियम बांधून ठेवतात. शंका असेल तर वरची पायरी धरायची, खाली आणण्याचा अधिकार फक्त डॉक्टरचा. आणि ठरलेल्या वेळी माता आली नाही किंवा दोनदा दूरध्वनी उचलला गेला नाही, तर ‘गैरहजर’ असा शेरा मारून थांबायचे नाही. आशाताईंनी त्याच दिवशी घरी जायचे. अशा आजारात न येणे हेही एक लक्षण असू शकते.

एवढे मनुष्यबळ कोठून आणायचे, हा प्रश्न वित्त विभागाच्या बैठकीत हमखास येतो. त्याला बेंगळुरूनेच उत्तर दिले आहे. शहरातील एका सार्वजनिक रुग्णालयात ४६२ गर्भवतींची पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. ३५ स्त्रियांमध्ये आत्महत्येची प्रवृत्ती आढळली, ११ जणींनी बेत केला होता आणि आठ जणींनी त्याच गर्भारपणात प्रयत्न केला होता. ही पाहणी गर्भारपणाच्या पहिल्या टप्प्यातील आहे, त्यामुळे ती प्रसूतीनंतरच्या काळाला जशीच्या तशी लागू करता येणार नाही. पण अंदाजासाठी तेच प्रमाण धरले, तर महिन्याला ५० माता तपासणाऱ्या दवाखान्यात चार जणींशी हा संवाद करावा लागेल आणि एखादीसाठी रुग्णवाहिका बोलवावी लागेल. चार संवाद आणि एक रुग्णवाहिका कोणत्याही दवाखान्याला झेपणारी आहे. मात्र परिचारिका रजेवर असेल तेव्हा हे काम कोण करील, त्याचे नावही भिंतीवर हवे.

माहेरची वाट आणि कायद्याची भीती

आपल्या प्रकरणात एक गाठ उरते. तिसरा महिना लागताच या मातेला खानापूरला माहेरी नेण्याचे ठरले आहे. कन्नडमधील ‘बाणंति’ आणि मराठीतील ‘बाळंतीण’ या शब्दांइतकीच माहेरी जाण्याची रीत दोन्हींकडे सारखी आहे. विश्रांतीसाठी ती उपकारक, पण नोंदवहीसाठी ती खिंड आहे. बेंगळुरूच्या दवाखान्यात ती ‘स्थलांतरित’ ठरते आणि खानापूरला तिचे नाव कोणत्याच यादीत नसते. म्हणून प्रकरण बंद करण्याचा अधिकार पाठवणाऱ्या दवाखान्याकडे नसावा. तिकडच्या दवाखान्याने ‘माता आमच्याकडे पोहोचली, भेट झाली’ असे कळवल्यावरच ते बंद व्हावे. कर्नाटकात २०१४ पासून ‘मनोचैतन्य’ योजनेत तालुका रुग्णालयांत मंगळवारी मनोविकारतज्ज्ञ येण्याची व्यवस्था केली आहे. तोच मंगळवार या मातेच्या कार्डावर लिहायचा. तिचे ‘तायी कार्ड’ घरातले सगळेच चाळतात, त्यामुळे तेथे फक्त तारीख; सविस्तर टिपण दवाखान्याच्या बंद नोंदवहीत.

‘पोलीस केस होईल’ ही भीती आजही दवाखान्यात ऐकू येते. विचार बोलून दाखवणे हा गुन्हा कधीच नव्हता. प्रयत्न करणाऱ्या व्यक्तीलाही २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार तीव्र तणावाखाली असल्याचे गृहीत धरले जाते आणि शासनावर तिच्या उपचारांची जबाबदारी येते. त्याच कायद्याचे कलम ९४ आणीबाणीच्या प्रसंगी, जीव वाचवण्यासाठी कोणत्याही नोंदणीकृत डॉक्टरला ७२ तासांपर्यंत उपचार करण्याची मुभा देते. मातेने नेमलेला प्रतिनिधी उपलब्ध असेल तर त्याची संमती लागते. कलम २१ सांगते की तीन वर्षांखालील मूल उपचार घेणाऱ्या आईपासून सहसा वेगळे करू नये. हे कलम पाळायचे तर माता आणि बाळ यांना एकत्र ठेवणाऱ्या खाटा हव्यात, आणि निम्हान्समधील तो कक्ष एका वेळी मोजक्याच जोड्यांना सामावू शकतो. कायद्याने दिलेला अधिकार खाटांच्या संख्येपाशी अडतो तो असा. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात निदान एक स्वतंत्र खोली, मातेची, बाळाची आणि सोबतच्या नातलगाची, एवढे तरी मागता येईल.

माझी शेवटची मागणी लहान आणि कारकुनी आहे. दवाखान्याच्या मासिक अहवालात ‘किती मातांची तपासणी झाली’ हा रकाना लवकरच येईल, कारण तो भरणे सोपे आणि मिरवणे त्याहून सोपे. त्याच्या शेजारी आणखी तीन रकाने असावेत: दहाव्या प्रश्नाला ‘कधीच नाही’ याखेरीज उत्तर किती जणींनी दिले, त्यांपैकी किती जणींशी त्याच दिवशी बोलणे झाले, आणि किती जणी ठरलेल्या ठिकाणी पोहोचल्या. पहिल्या रकान्यात महिनोन्‌महिने शून्य येत असेल, तर तेथे दुःख नाही असे समजू नये. प्रश्न सासूबाईंसमोर विचारला जात आहे असे समजावे. दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यांतील फरक म्हणजे वाटेत हरवलेल्या माता. आणि मातामृत्यूंच्या यादीची मुदत वर्षभराची करावी, म्हणजे सत्त्याण्णवाव्या दिवशी गेलेल्या बाईचे नाव खोडण्यासाठी कोणा अध्यक्षापुढे कागद येणार नाही.